दोरी कापली आणि वजन वर गेलं!
ट्रकच्या पाट्यांपासून रेल्वेच्या बोगीपर्यंत, स्प्रिंगांच्या जोडणीतल्या गमतीजमती

छताला एक स्प्रिंग टांगा. तिच्या खालच्या टोकाला आखूड दोरी बांधा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला दुसरी स्प्रिंग आणि तिच्या खाली एक किलोचं वजन. आता आणखी दोन लांब दोऱ्या घ्या. एक छतापासून खालच्या स्प्रिंगच्या डोक्यापर्यंत, दुसरी वरच्या स्प्रिंगच्या पायापासून वजनापर्यंत. या दोन्ही दोऱ्या जराशा ढिल्या सोडायच्या, म्हणजे सध्या त्यांच्यावर काहीच भार नाही. कात्री घ्या आणि मधली आखूड दोरी कापा.

वजन खाली आपटेल असं वाटतं ना? ते वर जातं!

जोएल कोहेन आणि पॉल होरोविट्झ यांनी 1991 साली ‘नेचर’मध्ये हा चमत्कार मांडला. त्यात हातचलाखी नाही. दोरी कापण्याआधी दोन्ही स्प्रिंगा एकाखाली एक, म्हणजे एकसर जोडणीत होत्या आणि प्रत्येकीला पूर्ण एक किलो तोलावा लागत होता. दोरी तुटताच ढिल्या दोऱ्या ताठ होतात आणि त्याच स्प्रिंगा शेजारीशेजारी, म्हणजे समांतर होतात. आता प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा किलो. एका किलोला 20 सेंटिमीटर ताणली जाणारी स्प्रिंग असेल, तर ती आता 10 सेंटिमीटरच ताणली जाईल. ढिल्या दोऱ्यांमध्ये 2 सेंटिमीटरचा ढिलेपणा ठेवला असेल, तर तो वजा जाऊन वजन 8 सेंटिमीटर वर चढतं. मजबूत दोरा, दोन सारख्या स्प्रिंगा आणि पडद्याचा दांडा एवढ्यावर हा प्रयोग घरी होतो.

ओळखायचं कसं?

जोडणी एकसर की समांतर हे चित्राकडे बघून ठरवायला गेलं की हमखास घोटाळा होतो. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारायचा: इथे भार वाटला जातोय की दबणं वाटलं जातंय? सगळ्या स्प्रिंगा सारख्याच दबत असतील आणि भार वाटून घेत असतील, तर जोडणी समांतर. तेव्हा कडकपणाची सरळ बेरीज होते: `k = k1 + k2`. प्रत्येकीवर पूर्ण भार येत असेल आणि दबण्याची बेरीज होत असेल, तर जोडणी एकसर: `1/k = 1/k1 + 1/k2`. हे k म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती बळ लागतं तो आकडा.

या सगळ्याच्या मुळाशी रॉबर्ट हूकचा नियम आहे: जेवढं बळ, तेवढा ताण. श्रेय दुसऱ्या कुणी लाटू नये म्हणून हूकने 1676 साली हा नियम आधी अक्षरांची उलटापालट करून छापला, `ceiiinosssttuu` असा! दोन वर्षांनी, 1678 मध्ये, त्याने उत्तर फोडलं: `ut tensio, sic vis`.

अर्धी कापली, दुप्पट कडक

गाडी बुटकी दिसावी म्हणून काही हौशी लोक कॉइल स्प्रिंगचे वेढे कापून घेतात. गाडी बुटकी होते आणि कडकही. स्प्रिंगचा प्रत्येक वेढा ही स्वतंत्र छोटी स्प्रिंग असते आणि हे सगळे वेढे एकसर जोडणीत असतात. वेढे कमी केले की दबायला जागा कमी. आठ कामाच्या वेढ्यांतले दोन कापले, तर उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने अधिक कडक होते. बरोबर अर्धी कापली तर दुप्पट.

रेल्वेत दोन्ही जोडण्या सापडतात. मालगाडीच्या कॅसनब बोगीत मोठ्या कॉइलच्या पोटात लहान कॉइल बसवलेली असते. दोघी मिळून भार उचलतात, म्हणून समांतर. एकात एक बसणाऱ्या कॉइलांमध्ये बाहेरची एका दिशेने वळलेली असते आणि आतली उलट दिशेने, नाहीतर एकीचे वेढे दुसरीच्या फटीत अडकायचे. प्रवासी गाडीच्या आयसीएफ डब्यात मात्र डब्याचं वजन आधी बोल्स्टरच्या स्प्रिंगांवर, तिथून बोगीच्या सांगाड्यावर आणि मग चाकांजवळच्या स्प्रिंगांवर उतरतं. तेच वजन दोन मजले उतरतं, म्हणजे एकसर जोडणी. माणसं मऊ बसतात ती त्यामुळे.

जुन्या घोडागाड्यांच्या पूर्ण लंबगोल कमानीतही हीच युक्ती आहे. दोन अर्धकमानी तोंडाला तोंड लावून टोकांशी जोडल्या की पूर्ण भार दोघींतून जातो आणि बैठक एका कमानीच्या दुप्पट मऊ होते. पोलाद दुप्पट वापरून गाडी निम्मी कडक!

आता खरा पैलवान: ट्रकचा पाटा

मागच्या चाकापाशी वाकून बघितलं की पट्ट्यांची ती चवड दिसते. सर्वांत लांब मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, एका टोकाला पिन-बुश आणि दुसऱ्या टोकाला झुलणारा शॅकल, कारण पाटा सपाट होताना लांबतो आणि त्या लांबीला जागा लागते. खाली एकेक पाटा आखूड होत जातो. मधोमध सेंटर बोल्ट, आणि अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट.

इतके पाटे का? एकच जाडजूड पट्टी का नाही? शंभर पानी वही हातात धरून वाकवा. सहज वाकते, आणि कडेला पानं एकमेकांवरून सरकून तिरकी रेघ दिसते. तीच पानं डिंकाने चिकटवली तर ती फळी होते. पाट्यांचंही तसंच आहे. प्रत्येक पाटा आपापला वाकतो, शेजाऱ्यावरून सरकतो, आणि सगळे मिळून भार वाटून घेतात. म्हणजे ही चवड समांतर जोडणीत आहे.

हिशेब मांडू. दहा पाटे, प्रत्येक 70 मिमी रुंद आणि 10 मिमी जाड. मध्यापासून टोकापर्यंत लांबी 500 मिमी. अॅक्सलपाशी साधारण दोन टन, म्हणजे 20 किलोन्यूटन भार, तर प्रत्येक टोकाला 10 किलोन्यूटन. वाकताना पाट्यात येणारा स्ट्रेस:

`σ = 6FL / (n b t²)`

इथे F टोकाचं बळ, L अर्धी लांबी, n पाट्यांची संख्या, b रुंदी आणि t जाडी. आकडे घातले की येतात सुमारे 429 मेगापास्कल. कमान दबते साधारण 52 मिमी. सिलिकॉन-मँगनीजच्या, पाणी दिलेल्या पोलादाला हे झेपतं.

आता हीच उंची एका सलग ठोकळ्यात भरा, म्हणजे 100 मिमी जाड पट्टी. ती शंभर पट कडक होते! दोन टनांखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर दबते. तेवढ्याच भाराला तिच्यातला स्ट्रेस दहा पट कमी असतो हे खरं, पण स्प्रिंग म्हणून ती निरुपयोगी, कारण खड्ड्यात चाकाला काही इंच वरखाली व्हायचं असतं. त्या ठोकळ्याला 52 मिमी वाकवायचं ठरवलं, तर स्ट्रेस 4,200 मेगापास्कलच्या वर जातो. तिथपर्यंत पोचायच्या आत तो तुटलेला असेल.

पाट्याचं गुपित या एका ओळीत आहे: ठरावीक वाकण्याला स्ट्रेस जाडीच्या प्रमाणात वाढतो. पातळ पाटा खूप वाकूनही सुखरूप राहतो आणि पातळपणामुळे कमी पडणारी ताकद पाट्यांच्या संख्येने भरून काढता येते.

कापलेला त्रिकोण

खालचे पाटे आखूड का, याचं उत्तर फार देखणं आहे. भिंतीत रोवलेल्या पट्टीच्या टोकावर भार दिला की वाकवण्याचा जोर टोकाशी शून्य आणि मुळाशी सर्वांत जास्त असतो. मग पट्टी मुळाशी रुंद आणि टोकाशी निमुळती, म्हणजे चक्क त्रिकोणी केली, तर प्रत्येक ठिकाणी स्ट्रेस सारखाच राहतो आणि पोलादाचा कणही फुकट बसत नाही. पण आपल्या हिशेबातला असा त्रिकोण मुळाशी 700 मिमी रुंद होईल. तो ट्रकखाली बसवणार कुठे? म्हणून तो उभ्या पट्ट्यांत कापायचा आणि पट्ट्या एकावर एक रचायच्या. ज्या पट्ट्या त्रिकोणाच्या कडेला होत्या त्या आखूड, मधली सर्वांत लांब. झाली कमान तयार!

या कमानींचं गणित फ्रेंच अभियंता एदुआर फिलिप्स याने 1852 साली रेल्वेच्या स्प्रिंगांसाठी तपशिलात मांडलं. पुढे याच माणसाने घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या शेवटच्या वळणाचा आकार काढला. घड्याळजी त्या वळणाला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. इंजिनाच्या वजनापासून मनगटी घड्याळापर्यंत एकाच माणसाचं डोकं पुरलं, ही मला या विषयातली सर्वांत आवडती गोष्ट वाटते.

गॅरेजच्या जमिनीवरची फट

सूत्र गोड आहे, पण त्रिकोणाच्या टोकाला डोळा वळवता येत नाही. डोळा हवा तर मेन पाटा टोकापर्यंत पूर्ण रुंदीचा ठेवावा लागतो. बहुतेक वेळा त्याच्याखाली आणखी एक पूर्ण लांबीचा पाटा असतो, आणि काही गाड्यांत तो मेनच्या डोळ्याभोवती अर्धवट वळवलेलाही असतो. मेन तुटला तरी अॅक्सल जागेवर राहून गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत पोचावी, हा त्यामागचा विचार.

पण टोकापर्यंत रुंद असलेली पट्टी त्रिकोणी पट्टीपेक्षा कडक असते, आणि समांतर जोडणीत जो कडक त्याच्या वाट्याला भार जास्त. आपल्या दहांपैकी दोन पाटे पूर्ण लांबीचे धरले, तर त्यांच्यातला स्ट्रेस 584 मेगापास्कलवर जातो आणि उरलेल्या आठांत 390 वर येतो. बरोबर दीडपट फरक. ज्या पाट्यावर गाडी अडकवली आहे, नेमका तोच जास्त पिळून निघतो.

यावरचा तोडगा बघायचा असेल तर कमान सुटी करताना थांबा. सेंटर बोल्ट निघाला की पाटे एकमेकांपासून उसळून सुटतात, आणि नुसते एकावर एक ठेवले तर मधून उजेड दिसतो. आखूड पाट्यांना मुद्दाम जास्त बाक दिलेला असतो. या फटीला निप म्हणतात. आपल्या कमानीत पूर्ण लांबीचे दोन आणि खालचे आठ या दोन गटांमध्ये सुमारे 17 मिमी निप लागेल. बोल्टने ती मिटवायला साधारण 1,450 न्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास जोर पुरतो. फट मिटताना वरचे दोन पाटे आधीच उलट दिशेने वाकतात आणि त्यांच्यात 156 मेगापास्कलचा उलटा स्ट्रेस भरून राहतो. पूर्ण भार आला की 584 मधून 156 वजा, उरले 428. खालच्या आठांतही तेवढाच. सगळे पाटे एका रांगेत आले!

म्हणून एका गाडीच्या कमानीतून काढलेला पाटा लांबी जुळते म्हणून दुसऱ्या कमानीत घालू नये. बाक जुळला नाही की निप बिघडते आणि भाराची वाटणी विस्कटते.

जाड पाटा आधी का तुटतो?

ऊस, वाळू, विटा नेणाऱ्या गाड्यांना पाटा वाढवून घेणं ही रोजची बाब. सारख्या जाडीचा अकरावा पाटा घातला, तर त्याच भाराला स्ट्रेस 429 वरून 390 होतो. पण तेवढ्या भरवशावर माल दीडपट भरला, तर स्ट्रेस 584 वर पोचतो. एका पाट्याने मिळवून दिलेली सूट कुठल्या कुठे निघून जाते.

यापेक्षा गमतीची चूक म्हणजे ‘मजबूत असावा’ म्हणून 13 मिमी जाडीचा पाटा घालणं. कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, त्यामुळे हा एकटा 10 मिमीच्या दोन पाट्यांहून अधिक भार अंगावर घेतो. बाकीच्या दहांचा स्ट्रेस 351 वर उतरतो, अगदी आराम. आणि या जाड्याचा? 457! कमान मूळची होती त्यापेक्षाही जास्त. सगळे एकत्र सारखेच वाकतात आणि त्या वाकण्याला जास्त जाडीचा स्ट्रेस जास्त, एवढंच कारण. काही महिन्यांनी जाड पाटाच तुटून येतो आणि दोष पोलादाला दिला जातो.

तुटलेला पाटा काय सांगतो

भार आला की कमान सपाट होते, म्हणजे प्रत्येक पाट्याची वरची बाजू ओढली जाते. चीर बहुतेक तिथूनच सुरू होते. म्हणूनच कारखान्यात याच बाजूवर पोलादी छर्‍यांचा मारा करतात. छर्‍यांनी पृष्ठभाग दाबला जातो, आणि आधीच दाबलेल्या कातडीला ओढून चीर पाडणं अवघड जातं. पाट्यावर वेल्डिंगचा एक ठिपका पडला किंवा छिन्नीचा घाव बसला, तरी ही सगळी मेहनत त्या जागी वाया जाते.

तुकडा हातात घेऊन तोंड बघा. हळूहळू वाढलेली चीर गुळगुळीत, कधी गंजून तपकिरी, शिंपल्यावर असतात तशा वळ्यांची असते. शेवटच्या झटक्यात तुटलेला भाग खडबडीत आणि चकचकीत. गुळगुळीत भाग मोठा असेल, तर पाटा बरेच दिवस तुटत होता आणि शेवटचा खड्डा केवळ निमित्त झाला.

पाटा बरोबर सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटला असेल, तर आधी यू-बोल्ट तपासा. ते घट्ट असताना मधला भाग वाकतच नाही, त्यामुळे भोक असूनही बिघडत नाही. ते सैल झाले की वाकवण्याचा सर्वांत मोठा जोर नेमका भोकावर येतो, जिथे पाट्याची रुंदी आधीच कापलेली आहे. नवी कमान बसवल्यावर थोडं चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात ते यासाठी. सैल यू-बोल्टने सेंटर बोल्टही कापला जातो. मग अॅक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी सरळ जातानाही तिरकी दिसते.

गंजाचाही परिणाम होतो. पाटे एकमेकांवर घासतात त्याने थोडा धक्का शोषला जातो, ते चांगलंच. पण गंजाने ते जाम झाले की चवड ठोकळ्याच्या दिशेने सरकते आणि भार न बदलता कमान कडक होते.

टायर काय करतो?

पाट्याखाली टायरही आहे, आणि तोही स्प्रिंगच. मागे जोडटायर असतील तर ते दोघे एकमेकांशी समांतर, आणि ती जोडी पाट्याशी एकसर. आपली कमान एक मिमी दबायला सुमारे 386 न्यूटन घेते. एका टायरचे 800 धरले, तर जोडीचे 1,600. दोन्ही मिळून चाकाशी कडकपणा उरतो 311. आता कमान दुप्पट कडक करून 772 केली तरी एकूण आकडा 521 पर्यंतच जातो, म्हणजे दुप्पट नव्हे, दोन तृतीयांशाने जास्त. एकसर जोडणीत मऊ भाग बाकीच्यांना झाकून टाकतो.

गॅलिलिओचा पाटा

त्रिकोण कापून रचण्याऐवजी रुंदी तीच ठेवून जाडीच निमुळती केली तर? स्ट्रेस सगळीकडे सारखा ठेवायचा तर जाडीचा वर्ग टोकापासूनच्या अंतराच्या प्रमाणात हवा, म्हणजे पट्टीची बाजू पॅराबोला होते. अशी पट्टी मुळापासून टोकापर्यंत सारखीच मजबूत असते, हे गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात दाखवलं होतं. आजच्या अनेक ट्रक-बसखाली हेच पॅराबोलिक पाटे आहेत: दोन-तीनच, सगळे पूर्ण लांबीचे, मधोमध आणि टोकांशीच टेकणारे. घासणं कमी, वजन कमी, बैठक मऊ.

पण वाटणीचा हिशेब इथेही चुकत नाही. दहातला एक पाटा तुटला, तर उरलेल्यांचा स्ट्रेस साधारण 11 टक्क्यांनी वाढतो आणि चालकाच्या लक्षातही येत नाही. तिनातला एक तुटला, तर उरलेल्या दोघांवर तो एकदम दीडपट होतो. अशी गाडी एका बाजूला कललेली दिसली, तर माल उतरवून, त्याच दिवशी पाटा बदलावा.